अकाउंटंटचा राजीनामा: दोन पानी मसुदा लहान करायचा आहे

पंचगंगाकाठी
नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंटंट आहे. जून २०१९ मध्ये लागलो. जीएसटी, टीडीएस, पगार, बँक, देणी-येणी सगळं माझ्याकडे. हाताखाली एक मुलगी आहे, ती एन्ट्री उत्तम करते, पण रिटर्न तिनं कधी भरलेली नाहीत.

चाकणच्या एका कंपनीकडून ऑफर आली आहे. पगार बराच जास्त, पद सीनियर अकाउंटंटचं. ऑफर लेटर सही होऊन हातात आलंय. १६ फेब्रुवारीला रुजू व्हायचंय. इथल्या नेमणूकपत्रात एक महिन्याची नोटीस आहे. २ जानेवारीला पत्र द्यावं म्हणतो.

मालक वयानं मोठे आहेत. वडील आजारी होते तेव्हा त्यांनी न मागता दोन महिन्यांचा पगार आगाऊ दिला होता. त्यामुळे पत्र लिहायला बसलो आणि दोन पानं झाली. त्यातला काही भाग देतो:

"...आपल्या कंपनीत मला सर्व काही मिळाले, तथापि गेली दोन वर्षे पगारवाढ अपेक्षेप्रमाणे झाली नाही आणि पुढे बढतीची संधीही दिसत नाही. नवीन कंपनीत मला सध्याच्या दीडपट पगार मिळणार असल्याने कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे नाइलाजाने हा निर्णय घ्यावा लागत आहे. माझ्याकडून काही चुकले असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी. माझ्याकडील सर्व हिशेब आजअखेर पूर्ण व बिनचूक आहेत. पुढेही केव्हाही गरज लागल्यास मी चोवीस तास उपलब्ध राहीन..."

यातलं काय ठेवू, काय काढू? कोरडं पत्र द्यायचं नाही. त्यांनी ते वाचल्यावर त्यांना वाईट वाटू नये, एवढंच मनात आहे.

---

मीनल_डोंबिवली
मी एचआरमध्ये आहे, अशी पत्रं रोज वाचते. पगारवाढीचं वाक्य आणि दीडपटीचं वाक्य, दोन्ही आधी काढा. पत्र फाइलला लागतं आणि वर्षानुवर्षं राहतं. मालक आज समजून घेतील, पण उद्या त्यांचा मुलगा कारभार बघायला लागला, तर त्याला तुमच्याबद्दल एवढंच वाचायला मिळेल की हे पगारासाठी गेले.

आणि "नाइलाजाने" नको. तुम्ही चांगल्या संधीसाठी जाताय, त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. "मला पुढील कामाची चांगली संधी मिळाली आहे" एवढं एक सरळ वाक्य पुरतं. कंपनीचं नाव, पद, आकडा काहीही नको.

आगाऊ पगाराची आठवण मात्र ठेवा. "आपण दिलेल्या मार्गदर्शनाबद्दल आभारी आहे" असं शंभर पत्रांत असतं. तुमच्याकडे खरी गोष्ट आहे. ती एका वाक्यात आली की पत्राला आपोआप ऊब येईल, बाकी विशेषणं लागणारच नाहीत.

---

अण्णा_सांगली
आमच्याकडे नियम असा की मालकानं मंजूर केल्याशिवाय राजीनामा लागूच होत नाही. त्यामुळे पत्रात शेवटची तारीख तुम्ही लिहू नका. "आपण ठरवाल त्या तारखेपासून मुक्त करावे" असं लिहा. मान राहतो आणि भांडण होत नाही. आणि नोटीस कायद्यानं तीस दिवसांचीच असते, त्याहून जास्त कुणी मागू शकत नाही.

---

हिशेबनीस
अण्णा, मान राखण्याचं म्हणणं पटतं, पण तारीख सोडून देऊ नये. छोट्या कारखान्यात अकाउंटंट सुटणं मालकाला जड जातं. "आपण ठरवाल त्या तारखेपासून" लिहिलंत की ती तारीख मार्चअखेर होईल, मग ऑडिट होईपर्यंत, आणि तिकडे १६ फेब्रुवारीची जॉइनिंग निघून जाईल. नोटीस किती, हे नेमणूकपत्र ठरवतं. कुणाकडे एक महिना, कुणाकडे तीन. मंजुरीची अट काही ठिकाणी असते हे खरं, म्हणून पंचगंगाकाठी, तुमच्या नेमणूकपत्रात ते कलम आहे का ते आजच वाचा. असलं तरी तारीख तुम्हीच सुचवायची, आणि "मंजुरी कळवावी ही विनंती" असं एक वाक्य जोडायचं.

आता मसुद्याबद्दल. मी पंचवीसेक वर्षं कारखान्यांचे हिशेब बघतोय, त्यामुळे माझी नजर तुमच्या एकाच वाक्यावर अडकली: "सर्व हिशेब आजअखेर पूर्ण व बिनचूक आहेत." हे लिहू नका. तुम्ही प्रामाणिक आहात म्हणूनच सांगतो. उद्या एखाद्या पुरवठादाराचं बिल दोनदा चढलेलं निघालं, किंवा इनपुट क्रेडिटचा फरक निघून नोटीस आली, तर राजीनाम्यावर तुमच्या सहीनं "बिनचूक" लिहिलेलं राहील. हिशेब कसे आहेत हे सांगायची जागा राजीनामा नाही. ते हस्तांतराच्या कागदावर तारखेनिशी, आकड्यांनिशी लिहायचं आणि घेणाऱ्याची सही घ्यायची.

अकाउंटंटचा राजीनामा लांबतो तो याच कारणानं. आपल्या मनात अर्धवट कामं असतात, ती सगळी त्यात ओतावीशी वाटतात. तो भार वेगळ्या कागदावर नेला की पत्र आपोआप दहा ओळींचं होतं.

"चोवीस तास उपलब्ध राहीन" हेही काढा. त्यावर नंतर लिहितो.

---

रोहन_इंटर
एक मुद्दा राहतोय. राजीनामा दिल्यावर तीस दिवसांत एडीटी-३ फॉर्म भरावा लागेल ना? नाहीतर दंड आहे. त्यात राजीनाम्याचं कारण द्यावंच लागतं, मग पत्रात कारण न लिहून कसं चालेल?

---

हिशेबनीस
रोहन, ते कंपनीच्या ऑडिटरसाठी. वैधानिक लेखापरीक्षकानं राजीनामा दिला तर त्याला तो फॉर्म भरावा लागतो आणि कारणही नमूद करावं लागतं. हे पगारी नोकर आहेत. यांचा राजीनामा फक्त मालकाकडे जातो, रजिस्ट्रारकडे काही जात नाही. कारण लिहायचं बंधनही नाही.

---

रोहन_इंटर
बरोबर, मी "अकाउंटंट" वाचून सीए समजलो. धन्यवाद.

---

वैशाली_नाशिक
माझं सांगते, उपयोग होईल. मागच्या नोकरीत मी राजीनामा तोंडी सांगितला आणि नंतर व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाकला. साहेब "बरं" म्हणाले. पुढे हिशेब मिटवायची वेळ आली तेव्हा मी नोटीस दिलीच नाही असं म्हणत एक महिन्याचा पगार कापला, अनुभवपत्रही अडवलं. मेसेज दाखवला तर म्हणाले, हे अधिकृत नाही. अनुभवपत्र अजून मिळालेलं नाही. आता काय करता येईल?

---

मीनल_डोंबिवली
वैशाली, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा. तिथं नेमणूकपत्रातलं नोटिशीचं कलम आणि पगाराच्या स्लिपा काय आहेत ते लिहा, म्हणजे नीट सांगता येईल. इथं घेण्यासारखं एवढंच की पत्र दोन प्रतींत द्यायचं, आपल्या प्रतीवर "मिळाले", तारीख आणि सही किंवा शिक्का घ्यायचा, आणि त्याच दिवशी मेलवर तेच पत्र जोडून पाठवायचं. घरच्यासारख्या मालकाकडे पोच मागायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. पण "साहेब, फाइलला एक आणि मला एक" म्हटलं की कुणी रागावत नाही.

---

पंचगंगाकाठी
सगळ्यांचे आभार. नेमणूकपत्र वाचलं. मंजुरीची अट नाही. "कोणत्याही पक्षाने एक महिन्याची लेखी सूचना किंवा तितक्या काळाचे वेतन" असं आहे. हा दुसरा मसुदा:

"मी आपल्या कंपनीतील अकाउंटंट पदाचा राजीनामा देत आहे. मला पुढील कामाची चांगली संधी मिळाली आहे. नेमणूकपत्रानुसार एक महिन्याची नोटीस धरता दि. २ फेब्रुवारी हा माझा शेवटचा दिवस राहील. वडिलांच्या आजारपणात आपण न मागता केलेली मदत मी विसरणार नाही. सर्व कामे मी नीट सोपवून जाईन."

आता उलट फार तुटक वाटतंय. आणि २ फेब्रुवारी बरोबर आहे का?

---

हिशेबनीस
नियमानं बरोबर आहे. पण अकाउंटंटची तारीख ठरवताना कॅलेंडर दुसरं बघायचं.

२ जानेवारीपासून मोजा. ११ ला डिसेंबरचं जीएसटीआर-१, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला ३बी, आणि ३१ जानेवारीला ऑक्टोबर ते डिसेंबर तिमाहीची टीडीएस रिटर्न. म्हणजे नोटिशीच्या महिन्यात सगळं चक्र एकदा पूर्ण फिरतं. ही चांगली गोष्ट आहे, कारण हाताखालच्या मुलीला शेजारी बसवून तिच्या हातून प्रत्येक रिटर्न एकदा भरून घेता येईल. तुम्ही भरून तिला दाखवू नका. तिनं भरावं आणि तुम्ही बघावं.

पण २ फेब्रुवारीला निघालात तर जानेवारीचे पगार आणि ७ तारखेचा टीडीएस अर्धवट राहतो. पगार वाटून जानेवारीचा टीडीएस चलनानं भरायला आणखी चार-पाच दिवसच लागतात. ७ फेब्रुवारीला शनिवार आहे. तो शेवटचा दिवस ठेवलात तर जानेवारी तुमच्या हातून बंद होतो आणि चाकणला जायला आठवडा मिळतो. नोटिशीपेक्षा पाच दिवस जास्त देताय, हे पत्रात मोठं करून सांगायचं नाही. "जानेवारीचे पगार व टीडीएस पूर्ण व्हावा म्हणून" एवढं कारण दिलंत की मालकाला तुमची काळजी कळते. तुम्हाला हवी ती ऊब या ओळीतच येईल.

---

अण्णा_सांगली
मग मार्चअखेरपर्यंतच थांबा की. अकाउंटंटनं फेब्रुवारीत जाणं म्हणजे ऐन पेरणीत बैल सोडण्यासारखं. ज्यानं वडिलांसाठी पैसे दिले त्याला असं सोडून जाऊ नये. चाकणवाल्यांना दीड महिना पुढे ढकला म्हणावं.

---

मीनल_डोंबिवली
अण्णा, भावना समजते, पण ऑफर लेटरवर रुजू व्हायची तारीख असते, आणि ती उलटली तर ऑफर रद्द होईल असं बऱ्याचदा लिहिलेलंही असतं. दीड महिना मागणं म्हणजे हातची संधी पणाला लावणं. उपकाराची परतफेड नीट सोपवून जाण्यानं करावी.

---

अण्णा_सांगली
मला अजूनही पटत नाही. विचारायला काय हरकत आहे? नाही म्हणाले तर नाही.

---

हिशेबनीस
विचारायचं की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवावं. मी मार्चबद्दल सांगतो, कारण मालकाची खरी भीती तीच असणार.

मार्चमध्ये नवा माणूस बहुतेक एका ठिकाणी ठेचकाळतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घेतलेल्या मालाचे पैसे मुदतीत, म्हणजे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत, दिले नाहीत आणि ते ३१ मार्चला देणं राहिले, तर तो खर्च त्या वर्षी आयकरात धरला जात नाही. फाउंड्रीत वाळू, पॅटर्न, मशिनिंगची जॉबवर्क बिलं अशी कितीतरी छोटी देणी असतात. कोण सूक्ष्म, कोण लघु, कोण नुसता व्यापारी, हे तुमच्या डोक्यात आहे. ते कागदावर उतरवा: पुरवठादाराचं नाव, उद्यम नोंदणी आहे का, मुदत किती, आज बाकी किती. ही एक यादी मागे ठेवलीत तर मार्चचं अर्धं ओझं उतरतं.

दुसरी गोष्ट चाव्यांची. मालकाची डिजिटल सहीची टोकन बहुतेक तुमच्याच ड्रॉवरमध्ये असेल. जीएसटी पोर्टलवर ओटीपी तुमच्या मोबाइलवर येत असेल. बँकेत मेकर म्हणून तुमचं नाव, टॅलीचा ॲडमिन पासवर्ड, ई-वे बिल, पीएफ, आयकर, ट्रेसेस. शेवटच्या दिवशी घाईत हे बदलायला गेलात तर एखादं राहतं, आणि मग तुम्ही चाकणला बसून ओटीपी सांगत राहता. म्हणून नंबर आणि मेल जानेवारीतच बदलून घ्या आणि २० तारखेचं ३बी नव्या नंबरवर आलेल्या ओटीपीनं भरा. तसं भरलं गेलं म्हणजे बदल खरंच झाला. टोकन मालकाच्या हातात द्या आणि यादीवर त्यांची सही घ्या.

तिसरी रोकड. शेवटच्या दिवशी पेटी दोघांनी मिळून मोजायची, कॅशबुकाशी जुळवायची, दोघांच्या सह्या. बँक रिकन्सिलिएशन आणि ट्रायल बॅलन्स त्याच तारखेचे छापून जोडायचे. जुळत नसेल ते तसंच लिहायचं: अमुक रक्कम, अमुक तारखेपासून, कारण शोधणं बाकी. "बिनचूक" म्हणण्यापेक्षा असं लिहून गेलेला माणूस मालकाला जास्त विश्वासाचा वाटतो.

आता "चोवीस तास". तुम्ही फोन उचलणारच, तो तुमचा स्वभाव दिसतो. पण लेखी वचनाला हद्द ठेवा, "३१ मार्चपर्यंत काही अडल्यास फोनवर माहिती देईन" अशी. माहिती सांगायची, लॉगिन करून काम करायचं नाही. नव्या कंपनीच्या नेमणूकपत्रात दुसरीकडे काम न करण्याची अट बहुधा असेलच.

---

वैशाली_नाशिक
ग्रॅच्युइटी मागायची ना पत्रात? सहा वर्षं झालीत, सहा वर्षांची मिळेल.

---

हिशेबनीस
मिळेल, पण पत्रात नको. निरोपाच्या कागदावर येणं मांडलं की सगळा सूर बदलतो. वेगळा अर्ज करावा, शेवटच्या दिवसानंतर तीस दिवसांत.

आणि हिशेब सातचा होईल. जून २०१९ ते फेब्रुवारी म्हणजे सहा वर्षं आठ महिने. शेवटच्या तुकड्यात सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ भरला की पूर्ण वर्ष धरतात. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० असेल. त्याला २६ नं भागून १५ नं गुणलं की १५,०००, आणि सात वर्षांचे १,०५,०००. सहा धरले तर ९०,०००. छोट्या ठिकाणी हा हिशेब अकाउंटंटच करतो, म्हणजे इथं तुमचा तुम्हीच कराल. म्हणून तो ऑडिटरच्या ऑफिसकडून तपासून घ्या, म्हणजे मालकाला शंका राहणार नाही आणि तुम्हालाही संकोच वाटणार नाही.

पीएफ काढू नका. यूएएन तोच ठेवून नव्या खात्यात वर्ग करा. तुमच्या बाहेर पडण्याची तारीख कंपनीच्या लॉगिनमधून भरली गेली का, एवढं बघा.

---

पंचगंगाकाठी
मालकांशी आधी बोललो, मग पत्र दिलं. मीनलताईंनी सांगितल्याप्रमाणे दोन प्रती. शेवटचं पत्र असं झालं:

> दि. २ जानेवारी
>
> मा. साहेब,
> सा. न.
>
> मी अकाउंटंट पदाचा राजीनामा सादर करीत आहे. मला पुढील कामाची चांगली संधी मिळाली असून ती स्वीकारण्याचे मी ठरवले आहे.
>
> नेमणूकपत्रानुसार नोटीस एक महिन्याची आहे. जानेवारीचे पगार व टीडीएस माझ्या हातून पूर्ण व्हावेत म्हणून दि. ७ फेब्रुवारी हा माझा शेवटचा दिवस धरावा, ही विनंती.
>
> सर्व कामांची, लॉगिनची व प्रलंबित बाबींची यादी मी दि. १२ जानेवारीपर्यंत आपणास देईन आणि त्याप्रमाणे काम सोपवीन. त्यानंतर ३१ मार्चपर्यंत काही अडल्यास फोनवर माहिती देईन.
>
> वडिलांच्या आजारपणात आपण न मागता पगार आगाऊ दिलात. ते आमच्या घरात कोणी विसरलेले नाही. या कारखान्यात मी हिशेब शिकलो आणि माणसे जोडायलाही शिकलो, त्याबद्दल मनापासून आभार.
>
> आपला विश्वासू,

त्यांनी पत्र उभ्यानंच वाचलं आणि मग बसले. वडिलांची तब्येत विचारली. नंतर म्हणाले, "पगार वाढवतो, थांब." मी हात जोडून नाही म्हणालो, तिकडे शब्द दिलाय हे सांगितलं. त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही. आपल्या प्रतीवर सही दिली. आता त्यांचं म्हणणं आहे की ७ ऐवजी १४ फेब्रुवारीपर्यंत थांबावं, म्हणजे ११ चं जीएसटीआर-१ पण होईल. १६ ला चाकणला हजर व्हायचंय आणि अजून खोली बघायची आहे.

---

अण्णा_सांगली
पत्र चांगलं झालंय. १४ पर्यंत थांबा. खोली मित्राकडे चार दिवस भागेल.

---

मीनल_डोंबिवली
मला ७ च योग्य वाटते, पत्रात तीच आहे. थांबायचं ठरलंच तर बदललेली तारीख मेलवर लिहून घ्या आणि त्यांचं उत्तर घ्या. नाहीतर तुमच्याकडच्या पोचेवर एक तारीख आणि पगारपत्रकावर दुसरी, असं होईल.

---

हिशेबनीस
जीएसटीआर-१ साठी तुमची गरज पडू नये. ११ जानेवारीचं त्या मुलीकडून भरून घ्या. ते नीट गेलं तर मालकांना दाखवा आणि मग तारखेचं बोला. नाहीच जमलं, तर १४ चा विचार करा.

---

पंचगंगाकाठी
हे पटलं. ११ ला रविवार आहे, म्हणून शुक्रवारी ९ लाच तिला बसवतो. काय झालं ते इथं लिहीन.